बियांच्या नोंदवहीत ओळ पिकाची नको, पुडीची हवी

"बिस्किटाच्या मोठ्या डब्यात पन्नासेक पुड्या आहेत, काही दुकानातली पाकिटं, काही सासूबाईंनी गावाहून दिलेल्या, चार-पाचवर नावच नाही. एक्सेलमधे पेरणीचा हंगाम, कुठून आणलं, किती शिल्लक असं भरतेय. उगवण टेस्ट सगळ्यांची करायची का? मागच्या आठवड्यात मिरचीचे १० दाणे ओल्या टिश्यूत ठेवले, ८ दिवसात ४ च आले. पुडी टाकून देऊ का? बदलापूरला राहतो, गच्चीवर २५ कुंड्या आणि खाली थोडी जमीन आहे."

ताई, मिरची टाकू नका, आणि तो टिश्यूपण उकिरड्यात गेला नसेल तर अजून आठवडाभर ओला ठेवा. मिरचीचं बी मुळातच सावकाश उठतं, बीज तपासणीच्या लॅबमधे मिरचीची पहिली मोजणी ७ व्या दिवशी आणि शेवटची १४ व्या दिवशी करतात, तीपण २० ते ३० डिग्रीच्या पेटीत ठेवून. तुम्ही जानेवारीत ओट्यावर ठेवलंय, तुमच्याकडे रात्री चांगलाच गारवा असतो, त्यात ८ व्या दिवशी ४ आले म्हणजे ते बी मेलेलं नाहीये, अर्ध्या वाटेवर आहे. दुसरं म्हणजे नव्या, सर्टिफाइड मिरचीच्या पाकिटावरसुद्धा किमान उगवण ६० टक्केच छापलेली असते, म्हणजे १० पैकी ६ आले असते तर ते पाकीट दुकानातल्या नव्या मालाच्या बरोबरीचं धरलं असतं. आपल्या डोक्यात १० पैकी १० असतं आणि मग ४ बघून घाबरायला होतं.

आणि १० दाणे फार कमी आहेत हो. लॅबमधे ४०० दाणे लावतात, शंभर-शंभरचे चार भाग करून, ते उगीच नाही. १० पैकी ४ आले तर त्या पुडीची खरी उगवण २० टक्के असू शकते आणि ७० पण असू शकते, एवढ्या कमी दाण्यांत नशिबाचा भाग मोठा असतो. घरी ४०० कुणाकडे असतात, मी २० घेते, दहा-दहाचे दोन भाग करून दोन वेगळ्या कापडांत. एकात ७ आणि दुसऱ्यात ८ आले तर आकडा विश्वास ठेवण्यासारखा, एकात ९ आणि दुसऱ्यात ३ आले तर बियाचा दोष नाही, एक कापड जास्त ओलं होतं किंवा सुकलं होतं, परत करायचं.

आता तुमच्या एक्सेलबद्दल. साताऱ्याजवळ भाजीपाल्याची छोटी रोपवाटिका चालवते मी, अठरा वर्षं झाली, सुरुवातीची चार-पाच वर्षं माझी वही अशीच होती, एका ओळीत "भेंडी", पुढे हंगाम, पुढे शिल्लक. आणि दर वर्षी गोंधळ व्हायचा कारण भेंडीच्या त्या एका ओळीत तीन वेगवेगळी बियाणी असायची, दोन वर्षांपूर्वीचं घरचं, यंदाचं पाकीट आणि कुणीतरी दिलेली मूठभर. टेस्ट घरच्याची करायची आणि आकडा सगळ्यांच्या नावावर लागायचा. तेव्हा एक बदल करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल: ओळ पिकाची नको, पुडीची करा. एका वेळी, एका ठिकाणाहून, एका हंगामाचं आलेलं बी म्हणजे एक ओळ. भेंडीच्या तीन पुड्या असतील तर भें-१, भें-२, भें-३ अशा तीन ओळी, आणि तोच नंबर पुडीवर पेन्सिलीने किंवा बॉलपेनने. स्केचपेनची शाई पावसाळ्यात दमट हवेने पसरते, आणि पुडीवरचा नंबर गेला की वहीतली ओळ पण गेली. दोन पुड्या एकात ओतायच्या नाहीत, एकच वाण असलं तरी नाही, कारण जुनं-नवं मिसळलं की नंतर कुठलाच आकडा कशाचाच राहत नाही.

"कुठून आणलं" या कॉलममधे दुकानाचं नाव असलं काय नसलं काय, तिथे तीन गोष्टी लिहा: बी घरचं, पाकिटातलं की कुणी दिलेलं, संकर की सरळ वाण, आणि बी तयार झाल्याचं वर्ष. पाकिटावर टेस्टची तारीख आणि वैधता दोन्ही छापलेल्या असतात, सर्टिफाइड बियाण्याला टेस्टच्या तारखेपासून ९ महिने वैधता मिळते. तुम्हाला हवी आहे ती टेस्टची तारीख, विकत घेतल्याची नाही. एकदा मी जूनमधे आणलेल्या दोडक्याच्या पाकिटावर किमतीचा स्टिकर नेमका तारखेवर चिकटवलेला होता, घरी येऊन नखाने काढला तर वैधता संपून वर्ष झालेलं. तेव्हापासून पाकीट हातात घेतलं की आधी तारीख बघते. एफ-१ किंवा संकर लिहिलेलं असेल तर तेही टाका, म्हणजे पुढे त्या फळाचं बी धरायचा मोह होणार नाही, धरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत. आणि सासूबाईंच्या पुड्यांसाठी त्यांना शक्य तितक्या लवकर फोन लावून वर्ष विचारून घ्या, ही माहिती दुसरीकडे कुठे मिळणार नाही. "दोन वर्षं झाली असतील" एवढं कळलं तरी पुरे, कारण कांद्याचं बी वर्षभरात उतरतं आणि टोमॅटो, वांगी, काकडी नीट ठेवली तर तीन-चार वर्षं टिकतात, मिरची आणि भेंडी मधे कुठेतरी.

शिल्लकचा कॉलम दाण्यांत लिहा. "अर्धं पाकीट" वरून काहीच ठरवता येत नाही, भेंडीच्या अर्ध्या पाकिटात ७० दाणे असतील आणि टोमॅटोच्या अर्ध्या पाकिटात पाचशे. मोठं बी सरळ मोजायचं. बारीक बियाला पाव चमचा एकदा सपाट भरून मोजायचा, तो आकडा त्या पिकापुढे लिहून ठेवायचा, पुढच्या वेळी नुसते चमचे मोजले की झालं. एवढ्यासाठी वेळ घालवा असं म्हणते कारण खालचं सगळं गणित या आकड्यावर उभं आहे.

टेस्ट सगळ्यांची एकदम करू नका. पन्नास पुड्यांची टेस्ट म्हणजे हजार दाणे आणि तुमचं अख्खं स्वयंपाकघर, आणि त्यातले निम्मे निकाल पेरायच्या वेळेपर्यंत शिळे होणार. मी हंगामाच्या तीन आठवडे आधी त्याच हंगामाच्या पुड्या काढते. मे च्या मध्याला पावसाळी, म्हणजे भेंडी, गवार, दोडका, कारली, काकडी, वांगी. ऑगस्टच्या शेवटी हिवाळी, म्हणजे मेथी, पालक, मुळा, गाजर, कांदा, टोमॅटो. आणि आत्ता जानेवारीत उन्हाळी, म्हणजे भेंडी, गवार, काकडी, दुधी. तीन आठवडे अशासाठी की निकाल वाईट आला तर नवं बी आणायला वेळ राहतो, आणि चांगला आला तर मोड आलेले दाणे थेट पिशवीत लावता येतात, वाया काही जात नाही. ऋतूचा अजून एक फायदा, भेंडी-मिरचीला ऊब लागते आणि धण्याला गारवा, मे मधे धण्याची टेस्ट केली तर चांगलं बी पण नापास होतं. आत्ता भेंडी लावणार असाल तर कापड डब्यात घालून फ्रिजच्या मागच्या बाजूला किंवा वायफायच्या राउटरवर ठेवा, तिथे रात्री पण ऊब राहते. आणि हे वहीत लिहा, "ओट्यावर, जानेवारी" आणि "राउटरवर, जानेवारी" हे दोन वेगळे निकाल आहेत.

आता एक पुडी शेवटपर्यंत सांगते म्हणजे कॉलम कशाला हवेत ते कळेल. २०२२ च्या पावसाळ्यात घरच्या परभणी क्रांती वाणाच्या भेंडीची चार फळं झाडावर वाळू दिली होती, नोव्हेंबरमधे बी काढून सावलीत वाळवलं, साधारण ३०० दाणे, वहीत भें-७. दर मे मधे २० दाणे. रात्रभर पाण्यात भिजवायचे, सुती कापड भिजवून पिळायचं, म्हणजे हाताला ओल लागेल पण पाणी गळणार नाही, त्यावर दाणे एकमेकांना न चिकटता मांडायचे, गुंडाळी करून झाकणाच्या डब्यात. पाण्यात बुडलेलं बी श्वास कोंडून कुजतं, आणि निम्म्या लोकांची टेस्ट इथेच फसते. रोज डबा उघडून वास घ्यायचा आणि कापड बघायचं.

मी दोनदा मोजते. भेंडीला ४ थ्या दिवशी आणि १० व्या दिवशी. लॅबमधे भेंडी २१ दिवस ठेवतात, पण मे महिन्यात १० दिवसांत जे उठलं नाही ते माझ्या मातीत पण उठत नाही म्हणून मी थांबते. २०२३ ला ४ थ्या दिवशी १७ आणि १० व्या दिवशी १९. २०२४ ला ४ थ्या दिवशी ११ आणि १० व्या दिवशी १८. २०२५ ला ४ थ्या दिवशी फक्त ३, आणि १० व्या दिवशी १४.

नुसता शेवटचा आकडा धरला तर २०२३ ला ९५ टक्के, २०२४ ला ९० टक्के, म्हणजे काहीच बिघडलेलं नाही असं वाटतं. पण पहिली मोजणी १७ वरून ११ वर आलीय ते बघा. बी म्हातारं होताना आधी हळू होतं, उगवण टक्का नंतर पडतो. कापडात त्याला ऊब असते, ओल असते, कुणी खात नाही, दहा दिवस वाट बघायची सवलत असते, म्हणून हळू बी पण पास होतं. मातीत ही सवलत नाही, जितके दिवस जास्त तितकी बुरशी, मुंग्या, वरून पापुद्रा धरणारी माती. माझ्याकडे जमिनीत २०२३ ला २४ दाण्यांपैकी २२ वर आले, २०२४ ला २४ पैकी १७, आणि २०२५ ला ३० पैकी १२. म्हणजे कापडात ७० टक्के दाखवणारं बी जमिनीत ४० वर आलं.

म्हणून वहीत "उगवण %" असा एकच कॉलम नको, चार हवेत: तारीख, किती दाणे घेतले, पहिल्या मोजणीला किती, शेवटच्या मोजणीला किती. टक्के एक्सेल काढेल. समजा शिल्लक दाणे F मधे, घेतलेले G मधे, पहिली मोजणी H मधे, शेवटची I मधे, तर पुढच्या दोन कॉलममधे एवढं टाका:

```
=F2*H2/G2
=F2*I2/G2
```

पहिला आकडा म्हणजे या पुडीतून कमीत कमी किती रोपं धरायची, दुसरा म्हणजे फार तर किती. भें-७ चे आज ६० दाणे उरलेत, तर ९ आणि ४२. माझ्या अनुभवात मातीतला खरा आकडा या दोघांच्या मधे कुठेतरी पडतो, आणि दोन्ही आकडे जवळजवळ असतील तर बी तरुण आहे, लांब गेले असतील तर यंदा सगळं पेरून टाकायचं, पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. टेस्टला गेलेले २० दाणे शिल्लकमधून वजा करायला विसरू नका.

उगवलेलं कशाला म्हणायचं हे पण ठरवून ठेवा. नुसतं फुगलं, साल तडकली, पांढरं टोक दिसलं, हे मी धरत नाही. मूळ दाण्याएवढं लांब, पांढरं आणि टोकाशी तपकिरी न झालेलं असेल तरच एक. २०२५ च्या भेंडीत १४ पैकी दोघांची मुळं आखूड आणि वाकडी होती, ती मी धरली, आणि जमिनीतला निकाल बघता धरायला नको होती. शेवटी जे दाणे राहतात ते नखाने दाबा. मऊ पडून पाणी सुटलं तर मेलेलं. दगडासारखं कडक असेल तर त्यात पाणीच शिरलेलं नाही, भेंडी-गवारीत असं होतं, ते जिवंत असू शकतं, वहीत "कडक २" असं वेगळं लिहा. वांग्याचं घरचं ताजं बी तर काढल्यावर महिना-दोन महिने झोपेतच असतं, लगेच टेस्ट केली आणि काहीच आलं नाही तर घाबरायचं नाही, दोन महिन्यांनी परत करायची.

दोन पिकांना हे मोजणं वेगळं आहे, पालक आणि धणे. आपल्याकडचा देशी पालक बीटच्या जातीचा, त्याचं जे खडबडीत बी दिसतं तो दोन-तीन बियांचा गोळा असतो, एकातून दोन-तीन मोड येतात. धण्याच्या गोल दाण्यात पण दोन बिया असतात. मोड मोजले तर २० दाण्यांतून २६ येतील आणि एक्सेल १३० टक्के दाखवेल. मोड मोजू नका, ज्या दाण्यातून निदान एक मोड आला तो दाणा मोजा. धणे हलके रगडून दोन फाका करून लावत असाल तर टेस्ट पण फाकांचीच करायची आणि शिल्लक पण फाकांत.

सासूबाईंच्या पुड्यांत काहींमधे दहा-बाराच दाणे असतील, कारली, पडवळ, दुधी असं. त्यांची टेस्ट करायचीच नाही, त्यातले २० जाणार कुठून. हंगाम आला की सगळे भिजवून कापडात मोड आणायचे, कारल्याला २४ तास भिजवा, त्याचं टरफल जाड असतं, आणि मोड आला की तो दाणा मूळ खाली करून लगेच पिशवीत. १२ पैकी ७ उठले तर तोच तुमचा निकाल आणि तीच तुमची पेरणी, वहीत शिल्लक शून्य लिहायचं आणि फळ धरल्यावर घरच्या बियाची नवीन ओळ. पाण्यात टाकून तरंगलेलं फेकून द्या असं कुणी सांगेल, ते या दहा-बारा दाण्यांवर करू नका, वेलवर्गीयांचं वाळलेलं चांगलं बी पण तरंगतं. आणि अशा घरच्या दुधीला फळ आलं की आधी छोटा काप चाखा, कडू लागला तर थुंकून टाका, ते फळ खाऊ नका आणि त्या वेलाचं बी पण धरू नका. कडू दुधीने माणूस खरंच आजारी पडतो.

बदलापूर म्हणताय म्हणून एक सांगते, तुमच्या डब्याला सगळ्यात मोठा धोका जून ते सप्टेंबरची हवा आहे. बियातली ओल एक टक्क्याने कमी केली तर त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, आणि उलट पण तितकंच खरं, कागदी पुडी पावसाळ्यात हवेतली ओल शोषत राहते. मे च्या शेवटी पुड्या दोन दिवस सावलीत वाळवा, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा, तळाशी कापडाच्या पिशवीत सिलिका जेल, नसेल तर कोरडे भाजून पूर्ण गार केलेले तांदूळ दोन मुठी. फ्रिजमधे ठेवलीत तर उत्तम, फक्त बाहेर काढल्यावर बरणी तासभर बंदच राहू द्या, गार बरणी उघडली की आत दव धरतं. वाल-चवळीत बारीक भोक दिसलं तर भुंगा झालाय, ती पुडी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. आणि पाकिटातलं गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं बी म्हणजे औषध लावलेलं, वहीत "औषध" लिहा, हात धुवा, उरलेलं पाखरांना घालू नका.

नाव नसलेल्या चार-पाच पुड्यांना पण ओळ द्या, अना-१, अना-२ असं, बियाचा रंग-आकार एका शब्दात. जूनमधे प्रत्येकीचे तीन दाणे एका कुंडीत, कुंडीवर तोच नंबर, पहिली खरी पानं आली की भोपळा का दोडका ते कळतं आणि ओळीला नाव मिळतं.

आत्ता या आठवड्यात एवढंच करा: मिरचीचे नवीन २० दाणे, दोन कापडांत, राउटरवर, ७ व्या आणि १४ व्या दिवशी मोजा. उन्हाळी भेंडी-गवार लावायची असेल तर त्यांच्या पुड्या त्याच डब्यात शेजारी, भेंडी ४ थ्या आणि १० व्या दिवशी, गवार ५ व्या आणि १४ व्या दिवशी. बाकीचा डबा मे पर्यंत उघडायचं कारण नाही.